दुकानात कार्डाचे पैसे दोनदा कट झाले? बँकेला पत्र कसं लिहायचं, स्टेप बाय स्टेप

दुकानात कार्ड लावलं, पिन टाकला, मशीन थोडा वेळ गोल गोल फिरत राहिलं आणि मग "पेमेंट झालं नाही, परत करा" असं दुकानदार म्हणाला. परत केलं, स्लिप आली, घरी आलो आणि बघतो तर मोबाईलवर दोन एसएमएस, दोन्हीत तीच रक्कम. हा प्रकार इतका कॉमन आहे की मी बँकेच्या शाखेत असताना आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी घाबराघुबरा होऊन काउंटरवर यायचाच. पैसे बहुतेक वेळा परत मिळतात. पण बरेच जण जे पत्र घेऊन येतात त्यात एवढंच असतं की "माझे पैसे दोनदा कट झाले, कृपया परत करा", खाली सही. अशा पत्रावर कोणी काही करू शकत नाही, कारण दोनपैकी कुठली एंट्री चुकीची आणि ती का चुकीची, हे त्यात कुठेच नसतं. म्हणून आधी थोडं समजून घ्या, पत्राकडे मग येऊ.

आधी हे ठरवा: तुमची केस एका स्लिपची की दोन स्लिपची?

सगळा खेळ ह्याच प्रश्नावर आहे.

पहिला प्रकार म्हणजे एक स्लिप. पहिल्या वेळी मशीनमधून स्लिप आलीच नाही, किंवा आली ती डिक्लाइन्डची आली, तरी तुमच्या खात्यातून पैसे गेले. दुसऱ्या वेळी नीट स्लिप आली. इथे काय होतं तर मशीनने तुमच्या बँकेला विचारलं, तुमच्या बँकेने खातं डेबिट केलं आणि "हो" म्हणून उत्तर पाठवलं, पण ते उत्तर मशीनपर्यंत पोचलंच नाही, नेटवर्क गेलं. मशीनला उत्तर आलं नाही की ते स्वतःच नंतर एक रिव्हर्सलचा मेसेज पाठवतं की तो व्यवहार रद्द करा. तो मेसेज पोचला तर पैसे लगेच किंवा थोड्या वेळात परत दिसतात, तोही अडकला तर मग दोन्ही बँकांचा हिशोब जुळवताना ते सापडतं. महत्त्वाचं म्हणजे ह्या प्रकारात दुकानदाराला त्या पहिल्या व्यवहाराचे पैसे सहसा मिळालेलेच नसतात, त्यामुळे दुकानात जाऊन त्याच्याशी भांडून काही उपयोग नाही, तो बिचारा खरंच सांगत असतो.

दुसरा प्रकार म्हणजे दोन स्लिप. दोन्ही वेळेला व्यवहार सक्सेसफुल झाला, दोन्हीचे अप्रूव्हल कोड, म्हणजे बँकेने मंजुरी दिल्याचे नंबर, आहेत. गर्दीत दुकानदाराने स्लिप बघितली नाही, किंवा रोल संपला होता म्हणून पहिली छापली गेली नाही आणि त्याने परत स्वाइप केलं. इथे दोन्ही पैसे दुकानदाराच्या खात्यात जाणार. म्हणजे इथे दुकानदाराकडे जायचंच, आणि शक्यतो त्याच दिवशी.

मग तुमचा प्रकार कुठला हे कसं कळणार? रोल संपला असेल तर हातात एकच स्लिप असून सुद्धा तुम्ही दुसऱ्या प्रकारात असू शकता, म्हणून नुसत्या हातातल्या कागदावर जाऊ नका. दुकानदाराला सांगा की मशीनमधून डिटेल रिपोर्ट काढून द्या. बहुतेक मशीनमध्ये ही सोय असते, चालू बॅचमधले सगळे व्यवहार एकाखाली एक छापून येतात. त्यात तुमच्या रकमेची, तुमच्या कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांची एकच ओळ असेल तर एक स्लिपची केस, दोन ओळी असतील तर दोन स्लिपची. पण दुकानदार रात्री मशीन सेटल करतो, म्हणजे दिवसभराची बॅच त्याच्या बँकेला पाठवतो, त्यानंतर ती यादी मशीनमधून जाते, त्यामुळे हे काम लवकर करायला हवं. रिपोर्टमध्ये बाकी गिऱ्हाइकांच्या ओळी असतात म्हणून काही दुकानदार कागद द्यायला तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, तेव्हा त्याच्या लेटरहेडवर किंवा बिलाच्या मागे सही शिक्क्याने दोन ओळी लिहून घ्या की "ह्या बिलापोटी एकच पेमेंट मिळालं आहे." ह्या दोन ओळींचं वजन खूप असतं.

दोन ओळी दिसल्या आणि बॅच अजून सेटल झाली नसेल तर दुकानदार त्यातला एक व्यवहार मशीनवरच व्हॉइड, म्हणजे रद्द, करू शकतो. व्हॉइडची वेगळी स्लिप येते, ती घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. सेटल झाली असेल तर त्याने त्याच्या बँकेमार्फत कार्डावर रिफंड द्यायचा. रोख परत देतो म्हणाला आणि तुम्ही घेतलेत तर तिथे विषय संपला, मग बँकेत क्लेम टाकायचा नाही, ते चूक आहे आणि पकडलंही जातं.

पत्र कोणाला? तुमच्याच बँकेला

मशीनवर एका बँकेचं नाव असतं, तुमचं कार्ड दुसऱ्याच बँकेचं असतं, आणि लोक मशीनवरच्या बँकेत जाऊन उभे राहतात. ती दुकानदाराची बँक आहे, तिच्याकडे तुमचं खातं नाही, ती तुमच्याशी बोलणार नाही. ज्या बँकेने कार्ड दिलं तिलाच पत्र द्यायचं, पुढचं दोन बँकांनी आपसात बघायचं. कधी कधी आपल्याच शाखेत नवीन असलेला कर्मचारी "मशीनवाल्या बँकेत जा" असं सांगतो, तेव्हा शांतपणे म्हणायचं की कार्ड तुमचं आहे, तक्रार तुम्हीच नोंदवून घ्या.

पत्राच्या आधी एक फोन किंवा ॲपवर तक्रार करून तक्रार नंबर घ्या, म्हणजे तारीख पक्की होते. फोन नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच वापरा. गुगलवर "अमुक बँक कस्टमर केअर" शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका, तिथे भामटे बसलेले असतात आणि "रिफंड देतो, ओटीपी सांगा" म्हणून उरलेले पैसेही काढतात. पैसे परत यायला ओटीपी, पिन, सीव्हीव्ही काहीही लागत नाही.

आणि फोनवर "फ्रॉड झाला" असा शब्द वापरू नका. फ्रॉड म्हटलं की ते कार्ड ब्लॉक करतात आणि तक्रार बँकेच्या वेगळ्याच विभागात जाते, जिथे "हा व्यवहार तुम्ही स्वतः केला नाही ना?" असं विचारतात, आणि तुम्ही तर स्वतः पिन टाकलेला असतो. "एकाच खरेदीचे दोनदा डेबिट" असंच म्हणा.

पाच दिवसांचा नियम

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे, ते त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून लागू झालं. त्यात दुकानातल्या कार्ड मशीनबद्दल सरळ लिहिलंय की खातं डेबिट झालं पण दुकानात कन्फर्मेशन आलं नाही, म्हणजे चार्ज स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती भरपाईसुद्धा ग्राहकाने मागायची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची आहे. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्टी वगळायची नाही.

पण नीट वाचा, अट "स्लिप निघाली नाही" अशी आहे. म्हणजे हा नियम एका स्लिपच्या केसचा. दोन स्लिपच्या केसमध्ये व्यवहार फेल झालेलाच नसतो, तिथे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, टाकावा लागतो, त्याला जास्त वेळ जातो आणि १०० रुपयांची भाषा तिथे करून उपयोग नाही, उलट पत्र कच्चं दिसतं.

म्हणून एक स्लिप असेल तर तक्रार नंबर लगेच घ्या, आणि सहाव्या दिवशीही पैसे नाही आले तर पत्र द्या. दोन स्लिप असतील आणि दुकानदार ऐकत नसेल तर वाट न बघता पत्र द्या. दोन्हीत पत्र द्यायच्या आदल्या रात्री स्टेटमेंट परत एकदा बघा, पैसे गुपचूप जमा झालेले असतात आणि लोक एसएमएस आला नाही म्हणून पत्र घेऊन येतात. क्रेडिट कार्ड असेल तर "पेंडिंग" दिसणारी एंट्री काही दिवसांनी आपोआप गळून पडू शकते, ती बिलात पक्की चढली का ते बघूनच लिहा.

कागद काय काय लागतील

स्लिपचा फोटो आजच काढा. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, पाकिटात, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की अक्षरं उडून जातात आणि महिन्याभरात कोरा कागद हातात राहतो. फोटो काढून साध्या कागदावर प्रिंट घ्या.

स्लिपवर बरंच काही छापलेलं असतं पण तुम्हाला तीनच गोष्टी हव्या आहेत. `RRN` म्हणजे आरआरएन, बारा आकडी नंबर, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा, बँकेत सगळी शोधाशोध ह्याच नंबरवर होते. अप्रूव्हल कोड, सहा अक्षरांचा, काही स्लिपवर `AUTH CODE` किंवा `APPR CODE` असं लिहिलेलं असतं. आणि `TID`, म्हणजे ते मशीन नेमकं कुठलं. पहिल्या, फसलेल्या व्यवहाराची स्लिपच नाही तर त्याचा आरआरएन कुठून आणायचा? बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटमध्ये त्या एंट्रीच्या वर्णनातच तो असतो, नसेल तर शाखेत विचारा, त्यांच्या स्क्रीनवर दिसतो.

बाकी दुकानाचं पक्कं बिल हवं, ज्यात एकच खरेदी दिसते, आणि दोन्ही डेबिट दिसणारं स्टेटमेंटचं पान. बिल लोक विसरतात. दोन स्लिपच्या केसमध्ये तर ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुकानदार म्हणू शकतो की गिऱ्हाइकाने दोन वेळा माल नेला.

एक खरी वाटावी अशी केस आणि तिचं पत्र

समजा सांगलीत एका काकांनी घर रंगवायला रंगाच्या दुकानातून ६,४८० रुपयांचा माल घेतला, तारीख ३ मार्च २०२५, संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी पहिल्यांदा कार्ड लावलं, पिन टाकला, मशीनवर नो रिस्पॉन्स आलं, स्लिप नाही. ७ वाजून १५ मिनिटांनी परत केलं, स्लिप आली. खात्यातून दोन्ही वेळा ६,४८० गेले. डिटेल रिपोर्टमध्ये एकच ओळ, दुकानदाराने तसं लिहून दिलं. पाच दिवस ८ मार्चला संपले, पैसे नाहीत. १० मार्चला, सोमवारी, काकांनी हे पत्र दिलं:

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचं नाव आणि शाखा)

दिनांक: १० मार्च २०२५

विषय: दुकानातील कार्ड मशीनवर एकाच खरेदीचे दोनदा डेबिट झालेले रु. ६,४८० परत जमा करणेबाबत. (तक्रार क्रमांक ______, दि. ४ मार्च २०२५)

महोदय,

माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ______ आहे. त्याच्या डेबिट कार्डाचे शेवटचे चार आकडे ____ आहेत.

दि. ३ मार्च २०२५ रोजी मी (दुकानाचे नाव), सांगली येथे रु. ६,४८० ची एक खरेदी केली (बिल क्र. ____). या एका खरेदीपोटी माझ्या खात्यातून पुढीलप्रमाणे दोन डेबिट झाले आहेत:

१) सायं. ७.१२, रु. ६,४८०, RRN 506213004127. मशीनवर व्यवहार पूर्ण झाला नाही, चार्ज स्लिप निघाली नाही. हे डेबिट चुकीचे आहे.
२) सायं. ७.१५, रु. ६,४८०, RRN 506213004139, TID 20418867. चार्ज स्लिप निघाली. हे डेबिट बरोबर असून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुकानदाराला एकच पेमेंट मिळाल्याचे त्यांचे लेखी पत्र सोबत जोडले आहे. रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार वरील क्र. १ ची रक्कम दि. ८ मार्च २०२५ पर्यंत परत जमा होणे आवश्यक होते. आजपर्यंत ती जमा झालेली नाही.

तरी क्र. १ चे रु. ६,४८०, तसेच दि. ८ मार्चनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी रु. १०० प्रमाणे भरपाई माझ्या वरील खात्यात जमा करावी व केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, नोंदणीकृत मोबाईल नंबर)

सोबत: १) दि. ३ मार्चचे स्टेटमेंट २) क्र. २ ची चार्ज स्लिप, छायाप्रत ३) दुकानाचे बिल, छायाप्रत ४) दुकानदाराचे पत्र

ह्या पत्रात काय चांगलं आहे ते बघा. दोन्ही डेबिट लिहिलेत आणि कुठलं बरोबर, कुठलं चूक हे स्वतःच सांगितलंय. बरोबर असलेलं डेबिट मान्य केलं की वाचणाऱ्याला शंका राहत नाही की हा माणूस दोन्ही पैसे मागतोय का. रागाचा एक शब्द नाही, "मानसिक त्रास झाला" नाही, पोलिसात जाण्याची धमकी नाही. आणि कार्डाचा पूर्ण नंबर कुठेही नाही, फक्त शेवटचे चार आकडे. खाते नंबर पूर्ण लिहायला हरकत नाही, पैसे त्यातच यायचेत.

महाराष्ट्रातल्या शाखेत पत्र मराठीत द्यायला काहीच अडचण नाही, बिनधास्त द्या. फक्त आरआरएन, टीआयडी, अप्रूव्हल कोड इंग्रजी आकड्यांत जसेच्या तसे उतरवा. शाखा हे पत्र कार्डाच्या सेंट्रल टीमला स्कॅन करून पाठवते, तिथला माणूस तो नंबर बघून टाइप करणार, एक आकडा चुकला तर "नो रेकॉर्ड फाउंड" असं उत्तर येतं. हाताने लिहिताना १ आणि ७ वेगळे दिसतील असे काढा, शक्य असेल तर टाइपच करा.

दोन स्लिप असतील तर काय बदलायचं

पत्राचा सांगाडा तोच. दोन्ही ओळींमध्ये आरआरएन आणि अप्रूव्हल कोड दोन्ही द्या. क्र. १ मधलं "स्लिप निघाली नाही", दुकानदाराचं पत्र, आणि परिपत्रकाचा व १०० रुपयांचा असे दोन्ही परिच्छेद काढून टाका, त्यांच्या जागी असं लिहा, त्यातला चार्जबॅक म्हणजे तुमच्या बँकेने दुकानदाराच्या बँकेकडून ते पैसे परत मागणं: "वरील दोन्ही व्यवहार मशीनवर यशस्वी झाले असले तरी खरेदी एकच आहे, बिल एकच आहे. दुकानदाराकडे दि. __ रोजी मागणी केली असता रक्कम परत मिळालेली नाही. तरी क्र. १ च्या व्यवहाराबाबत दुहेरी डेबिट म्हणून चार्जबॅक दाखल करावा व दुकानाच्या बँकेकडून दोन्ही व्यवहारांच्या चार्ज स्लिप आणि बिलांच्या प्रती मागवाव्यात." शेवटचं वाक्य गाळू नका. दोन वेळा माल नेला असेल तर दोन बिलं असायला हवीत, दुकानदाराकडे दुसरं बिल नाही हेच तुमचं बळ.

शाखा बहुतेक एक डिस्प्यूट फॉर्म भरायला देईल, तो भरा, पत्र त्याला जोडा. फॉर्मवर कारणांचे चौकोन असतात, त्यात "डुप्लिकेट" किंवा "एकाच व्यवहाराचे दोनदा बिलिंग" असा असेल तोच निवडा, "हा व्यवहार मी केला नाही" वर टिक करू नका. चार्जबॅकला कार्ड कंपन्यांची मुदत असते, महिनोन्‌महिने घरी बसून मग गेलात तर दार बंद झालेलं असतं. काही बँका मध्ये तात्पुरतं क्रेडिट देतात, ते खर्च करू नका, निकाल विरुद्ध गेला तर ते परत काढून घेतात.

पत्र देताना आणि दिल्यानंतर

दोन प्रती न्या. एकीवर पोच म्हणून शिक्का, तारीख, सही घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका, पुढे सगळे दिवस त्या शिक्क्यापासून मोजायचेत. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर तेच पत्र पाठवा आणि पावती जपून ठेवा.

वरच्या केसमध्ये समजा १७ मार्चला ६,४८० जमा झाले, भरपाई नाही. ८ नंतर ९ ते १७ असे नऊ दिवस उशीर, म्हणजे ९०० रुपये. मूळ रक्कम आली की लोक गप्प बसतात, पण हे पैसे तुमचे आहेत. दुसरं छोटं पत्र द्या, पहिल्याचा संदर्भ, जमा झाल्याची तारीख, नऊ दिवसांचा हिशोब, चार ओळीत काम होतं.

सगळ्यात जास्त येणारं नकाराचं उत्तर म्हणजे "व्यवहार यशस्वी आहे, दुकानदाराशी संपर्क साधा." बऱ्याचदा कोणीतरी दुसऱ्या, म्हणजे बरोबर असलेल्या आरआरएनची चौकशी करून हे उत्तर दिलेलं असतं. उत्तरात कुठला आरआरएन लिहिलाय ते आधी बघा. लिहिलाच नसेल तर परत पत्र द्या की "आपले उत्तर RRN ...4127 बद्दल आहे का ते स्पष्ट करावे, आणि तो व्यवहार यशस्वी असल्यास त्याची चार्ज स्लिप दाखवावी." जी स्लिप कधी निघालीच नाही ती कोणी दाखवू शकत नाही, त्यामुळे ह्या एका वाक्यावर अडकलेल्या फायली हलतात.

तरीही तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. cms.rbi.org.in वर ऑनलाइन तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तिथे पहिलाच प्रश्न असतो की बँकेला लेखी तक्रार कधी दिली आणि त्याचा पुरावा काय. शिक्का असलेली प्रत, बँकेचं उत्तर आलं असेल तर ते, आणि वरच्या पत्राला जोडलेले तेच चार कागद अपलोड करा.